पाच गळके नळ आणि 120 शब्द

"नुकतीच दहावीची परीक्षा दिली. मे महिन्यात तीन आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी अर्ज करायचाय. फॉर्ममध्ये 'स्वतःबद्दल 120 शब्दांत लिहा' असं आहे. मी कुठे काम केलेलं नाही, बक्षिसं नाहीत, शाळेत सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. एवढ्याशा गोष्टींवर काय लिहू? आणि मला खोटं लिहायचं नाहीये."

हा प्रश्न घेऊन आलेली मुलगी सांगली जिल्ह्यातली, मराठी माध्यमाची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचा अर्ज होता तालुक्यात पाण्याच्या ताळेबंदाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेकडे. काम काय असेल तेही जाहिरातीत सांगितलं होतं: विहिरींच्या पाणीपातळीच्या हाताने लिहिलेल्या नोंदी संगणकावर चढवायच्या आणि आठवड्यातून एक दिवस पथकाबरोबर मोजणीला जायचं. ही ओळ तिने वाचली आणि सोडून दिली. आम्ही मात्र तिला ती वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लावली. वाचणाऱ्याला हवंय ते एवढंच की ही मुलगी आकडे नीट उतरवेल का, चुकले तर तिच्या लक्षात येईल का, आणि रोज वेळेवर येईल का. पुढे जे काही निवडायचं ते या तीन गोष्टींकडे बघून.

तिचा पहिला खर्डा असा होता: "मी मेहनती, जिद्दी व प्रामाणिक विद्यार्थिनी असून मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे. मी टीम प्लेअर असून माझ्यात नेतृत्वगुण आहेत. मी हरित सेनेची सदस्य आहे. आम्ही जलसुरक्षा विषयात पाण्याचा प्रकल्प केला व गळती थांबवून रोज 144 लिटर पाणी वाचवले. मला क्रिकेट व वाचनाची आवड आहे. संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन."

आम्ही तिला म्हटलं, याच कागदावर वर तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं नाव लिही आणि पुन्हा वाच. जे वाक्य तिच्या नावावरही तितकंच खरं वाटेल ते खोड. मेहनती, जिद्दी, टीम प्लेअर, निसर्गाची आवड, संधीचं सोनं, सगळं गेलं. उरलं ते पाण्याचा प्रकल्प, हरित सेना, क्रिकेट आणि वाचन, तेही अर्धवट. मुलं इथेच घाबरतात, कारण कागद रिकामा दिसायला लागतो. खरं तर लिहायला जागा तेव्हाच मोकळी होते.

प्रकल्पाबद्दल "काय शिकलीस?" असं विचारलं की उत्तर पुस्तकातलं येतं: पाणी जपून वापरावं. म्हणून आम्ही विचारलं, "त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं?" ती लगेच म्हणाली, "बादली आणि घड्याळ." मग सगळं आपोआप बाहेर आलं. राज्य मंडळात नववीला जलसुरक्षा हा विषय असतो. त्यासाठी पाच जणांच्या गटाने शाळेतले 14 नळ तपासले होते आणि त्यातले पाच गळत होते. प्रत्येक गळक्या नळाखाली तासभर बादली ठेवायची, मग प्रयोगशाळेतल्या मोजपात्राने पाणी मोजून वहीत लिहायचं. वही तिने जपून ठेवली होती. आकडे होते दीड लिटर, 0.6, 0.9, 2.1 आणि पुन्हा 0.9. एकूण तासाला 6 लिटर.

आता तो 144 चा आकडा. 6 गुणिले 24, गुणाकार बरोबर आहे. पण शाळेत रात्री नळाला पाणी असतं का? थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "नाही मॅडम. शिपाईकाका साडेपाचला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात, सकाळी साडेसातला उघडतात." म्हणजे पाणी चालू असतं दहा तास आणि वाया जातं 60 लिटर. शिवाय पाचही नळांचे वायसर बदलले, तरी चारच थांबले. सगळ्यात जास्त गळणारा, तासाला 2.1 लिटरवाला नळ गळतच राहिला, कारण त्याचे आटे झिजले होते. म्हणजे वाचलं 39 लिटर, आणि 21 लिटर अजून जातंय.

आकडा 144 वरून 39 वर आला तेव्हा तिचा चेहरा पडला. आम्हाला मात्र ही दुरुस्तीच तिच्या अर्जातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. पाण्याच्या मोजणीत मुरलेला माणूस 144 बघताच "शाळा चोवीस तास चालते का?" असं विचारणार, आणि त्या एका प्रश्नावर बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जाणार. 39 बद्दल कितीही खोदून विचारलं तरी उत्तर वहीत आहे. शालेय प्रकल्पातले आकडे बहुतेक वेळा असेच फुगतात. कोणी लबाडी करत नाही, फक्त एका तासाचं मोजमाप दिवसाला, वर्षाला गुणताना मधली अट निसटते. म्हणून अर्जात आकडा घालण्याआधी तो कशाला गुणून आला हे उलटं जाऊन तपासावं. वही हरवली असेल तर आकडा आठवणीने लिहू नये. "पाच नळ गळत होते" एवढंही पुरतं.

दुसरी अडचण आपल्या बोलीतली आहे. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं आगाऊपणाचं वाटतं, म्हणून मुलं "आम्ही" लिहितात. घरात ते शोभतं, पण अर्ज वाचणाऱ्याला पाच जणांमधली ही कोण ते कळत नाही. उलट सगळं "मी" वर घेतलं तर ते खोटं होतं. उपाय सोपा आहे: काम गटाचं सांगताना "आमच्या गटाने" आणि लगेच पुढच्या वाक्यात स्वतःचा वाटा, "मोजण्याचं आणि नोंदवण्याचं काम माझं होतं". वायसर बदलले प्लंबरने, ते तिने स्वतःकडे घेतलं नाही. ते सांगायची गरजही नव्हती. "वायसर बदलल्यावर" एवढंच म्हटलं.

क्रिकेट ती काढूनच टाकणार होती. "मॅडम, मी खेळत नाही, नुसता स्कोअर लिहिते." दोन वर्षं गल्लीतल्या स्पर्धेत ती चेंडूगणिक स्कोअर लिहीत होती. "डाव संपला की लगेच वही मिटतेस का?" असं विचारलं तर म्हणाली, "छे, आधी टॅली करते." फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळून संघाची धावसंख्या यायला हवी. शिवाय गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय आणि लेगबाय मिळवल्या तरी तोच आकडा यायला हवा. एका धावेचा फरक आला की तिला अंदाज असतो: बहुतेक लेगबाय फलंदाजाच्याही खात्यात पडलेली असते, किंवा एखादा वाइड लिहायचा राहिलेला असतो. एकच बेरीज दोन बाजूंनी जुळवून चूक शोधणं म्हणजे नोंदी भरणाऱ्याचं रोजचं काम. तिच्याकडे ते दोन वर्षांपासून होतं आणि ती त्याला "नुसतं" म्हणत होती. छंदाचं नाव लिहून काहीच कळत नाही. त्या छंदात हात काय करतात ते लिहावं.

हरित सेना आम्ही काढायला सांगितली. वर्षभरात ती दोनदा वृक्षारोपणाला गेली होती, पुढे रोपांचं काय झालं ते तिला माहीत नव्हतं. सदस्यत्व खरं आहे, पण त्यावर दुसरा प्रश्न आला तर बोलायला काही नाही. 120 शब्दांत अशा ओळीला जागा नाही. वाचनाचंही तेच.

मग तिने स्वतः लिहिलं. आम्ही फक्त दोन ठिकाणी वाक्य तोडलं:

"मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली आहे. नववीत जलसुरक्षा विषयासाठी आमच्या पाच जणांच्या गटाने शाळेतले 14 नळ तपासले. त्यातले पाच गळत होते. प्रत्येक नळाखाली तासभर बादली ठेवून पाणी मोजण्याचं आणि वहीत नोंदवण्याचं काम माझं होतं. टाकी चालू असते त्या दहा तासांत 60 लिटर पाणी वाया जात होतं. वायसर बदलल्यावर चार नळ थांबले आणि दिवसाचं 39 लिटर पाणी वाचलं. गल्लीतल्या क्रिकेट स्पर्धेत दोन वर्षं मी स्कोअर लिहिते. डाव संपला की फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळून संघाची धावसंख्या जुळते का, ते मी ताडून पाहते. विहिरींच्या नोंदी भरताना ही सवय कामी येईल. एक्सेलमध्ये नोंदी भरणं आणि बेरीज करणं मला येतं, आलेख काढायला शिकायचा आहे. 5 मे ते 25 मे, सकाळी 9 ते दुपारी 1 मी येऊ शकते. घरच्यांची परवानगी आहे."

शेवटच्या दोन वाक्यांवर ती अडली होती, "हे स्वतःबद्दल कुठे आहे?" पण सोळा वर्षांच्या मुलीला कामावर घेताना संस्थेला सगळ्यात आधी काळजी असते ती याचीच: घरी माहीत आहे का, आणि मध्येच मामाच्या गावाला तर जाणार नाही ना. एक्सेलच्या वाक्यात येतं ते आणि येत नाही ते शेजारी ठेवलंय. "संगणकाचं उत्तम ज्ञान" लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी आलेख काढायला दिला असता.

मजकूर शाळेतल्या सरांना दाखवला तेव्हा त्यांनी आपुलकीने "जलअपव्ययाचे मापन करण्याची जबाबदारी मी समर्थपणे पार पाडली" अशी भर घातली. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या ठेव, पण हे वाक्य नको, असं आम्ही सांगितलं. ती फोनवर असं बोलणार नाही, आणि अर्जातली भाषा आणि तोंडची भाषा वेगळी पडली की हे कोणीतरी लिहून दिलंय असा संशय येतो.

फॉर्म मराठी किंवा इंग्रजीत भरायची मुभा होती, तिने मराठीत भरला. इंग्रजीत भरावा लागला तर आधी मराठीतच लिहून मग छोट्या वाक्यांत उतरवावं. पण मर्यादा पुन्हा मोजावी, कारण "नळाखाली" या एका शब्दाचे तिकडे तीन होतात. मर्यादा शब्दांऐवजी अक्षरांची असेल तर मराठीत दगा होतो. अनेक ऑनलाइन फॉर्म काना, वेलांटी वेगळी मोजतात, म्हणजे "पाणी" ची चार अक्षरं होतात. मजकूर आधी दुसरीकडे लिहून तिथे चिकटवून बघावा, नाहीतर नेमक्या तारखाच कापल्या जातात.

आठवड्याने संस्थेतून फोन आला. प्रश्न एकच होता, "चार नळ थांबले, मग पाचव्याचं काय?" ती म्हणाली, "त्याचे आटे झिजलेत, वायसरने भागत नाही, नळच बदलायला हवा. तोवर दिवसाला 21 लिटर जातंय. सरांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय."