आधी त्याने काय केलं ते सांग

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या क्लायंटबरोबरचं सेशन संपल्यावर बराच वेळ आपण थेरपिस्ट व्हायच्या लायकीचे नाही असं तुला वाटत राहिलं, आणि शेवटी तू लिहिलंस, ‘हे बहुतेक त्याचं प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशन असावं.’ असेलही. पण एवढ्या लांबलचक पत्रात त्याने नेमकं काय केलं याची एकही ओळ नाही. तुला काय वाटलं ते आहे, त्याच्या बालपणाविषयीचे तर्क आहेत. तो काय बोलला, कधी बोलला, कोणत्या सुरात, ते कुठे गेलं?

साधं प्रोजेक्शन एकट्याला जमतं. मला माझ्या रागाची लाज वाटते, म्हणून समोरचा मला रागीट दिसतो. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. प्रोजेक्टिव्ह आयडेंटिफिकेशनला मात्र दोघं लागतात. इथे नकोशी भावना समोरच्याच्या नावावर टाकून माणूस थांबत नाही. तो नकळत असा वागत राहतो की समोरच्याला ती खरोखर वाटायला लागते, आणि तो तसा वागायलाही लागतो. मनोविश्लेषक मेलनी क्लाइनने 1946 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिचा भर रुग्णाच्या मनात काय चालतं यावर होता. दोन माणसांत काय घडतं ते बियॉनने पुढे आणलं, आणि ऑग्डेनने 1979 च्या लेखात त्याचे तीन टप्पे सांगितले: भावना दुसऱ्यात टाकण्याची कल्पना, मग तिच्याप्रमाणे वागायला लावणारा दबाव, आणि शेवटी त्या दुसऱ्याने ती पचवून सोसवेल अशा रूपात परत देणं. मी अडून बसते ती मधल्या टप्प्यावर. दबाव दाखवता येत नसेल, तर हा शब्द वापरू नये.

माझ्याकडे एक टीमप्रमुख यायचे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नुकती बढती झालेली, आणि आपल्याला हे झेपणार नाही ही भीती इतकी असह्य की ती त्यांना जाणवतच नव्हती. त्यांच्या बोलण्यात भीती यायचीच नाही. यायची ती टीममधली एक ‘गोंधळलेली’ मुलगी. हीच मुलगी आधीच्या टीममध्ये चोख कामासाठी ओळखली जायची.

आता ते काय करायचे ते बघ. काम देताना अर्धी माहिती द्यायचे आणि वर म्हणायचे, ‘बाकी तुला माहीत असेलच.’ विचारावं तर आपण अडाणी ठरू, म्हणून ती विचारत नसे. मुदत शुक्रवारची, पण बुधवारी संध्याकाळी मेल जायचा, ‘झालं का?’, आणि त्यात वरच्या दोघांना सीसी. तिने तक्ता पाठवला की ते रात्री बसून तो स्वतः नव्याने करायचे आणि सकाळी अगदी प्रेमाने सांगायचे, ‘राहू दे, मी बघितलं.’ ओरडणं नाही, अपमान नाही. महिन्याभरात ती प्रत्येक आकडा पाच-पाच वेळा तपासू लागली, तपासण्याच्या नादात मेल वाचायचे राहू लागले, आणि एके दिवशी तिने जुन्या तक्त्याचीच फाईल वरिष्ठांना पाठवली. त्या आठवड्यात प्रमुख माझ्याकडे आले ते इतके शांत की मीच चमकले. ‘मी म्हणत होतो ना, तिला झेपत नाही.’

ही शांतता ओळखायला शीक. एकाची घालमेल वाढते तशी दुसऱ्याची उतरत जाते. ती रजेवर गेली की त्यांची झोप उडायची, नाहीतर टीममधला दुसरा कोणी ‘गोंधळू’ लागायचा. हे दिसलं तर समज की भावना कुठेतरी ठेवलेली आहे आणि ठेवायला माणूस लागतो आहे.

पण तीच का सापडली? त्याच टीममधला दुसरा एक जण असे मेल वाचून सरळ जेवायला जायचा. तिच्यात आधीपासून काहीतरी असणार ज्यावर हे अडकलं. तुझ्यातही असेल. म्हणूनच ‘मला वाटलं, म्हणजे ते त्याचंच’ हे वाक्य मी ऐकून घेत नाही. क्लाइनबद्दल एक आठवण सांगतात: सुपरव्हिजनमध्ये एक विद्यार्थी म्हणाला की रुग्णाने आपला गोंधळ माझ्यात टाकला, तर बाई म्हणाल्या, नाही बाळा, गोंधळ तुझाच आहे. आधी विचार, मला हे इतर क्लायंटबरोबरही वाटतं का? त्या दिवशी घरून काय घेऊन आलो होतो? आणि मग, त्याने काय केलं?

तू म्हणशील, बाई जुनाट आहेत, शब्दशः नोंदी मागून जीव खातात. खातेच. मी शिकत होते तेव्हा केस-चर्चेत एक वरिष्ठ होते. विद्यार्थ्याने तक्रार केली की ती त्याच्या क्लायंटची भावना ठरायची, आणि वरिष्ठ कंटाळले की तीही क्लायंटचीच. त्यांचं स्वतःचं असं कधी काही नसायचंच. आम्ही माना डोलवायचो. मी गप्प राहिले याची खंत अजून आहे, आणि माझ्या हट्टाचं मूळ तिथे असेल तर असू दे. पुरावा न मागता हा शब्द वापरला की तो स्वतःच नकोसं दुसऱ्यावर ढकलायचं साधन होतो.

त्या प्रमुखांनी माझ्याबरोबरही तेच केलं. उठताना दारात म्हणायचे, ‘आजचं ठीक होतं. तुम्हाला सगळं लक्षात राहतं ना?’ पुढच्या वेळी, ‘मागे सांगितलंच होतं,’ आणि सांगितलेलं नसायचं. मी नोंदी चाळू लागले, सेशनआधी धास्तावू लागले. नोंदीत ही वाक्यं तारखेसकट होती, म्हणूनच धरता आलं. मग मी काय केलं? ‘तुम्ही तुमची भीती माझ्यात टाकताय’ असं म्हटलं नाही. तसं म्हणणं म्हणजे चेंडू जोरात परत मारणं. मी आधी ती धास्ती सोसली, घाईने स्वतःला हुशार सिद्ध केलं नाही. काही आठवड्यांनी, ते दारात थांबले तेव्हा एवढंच म्हटलं, ‘समोरच्याला जमेल की नाही याची खात्री नसताना त्याच्यावर विसंबणं फार अवघड असतं.’ ते परत येऊन बसले. म्हणाले, ‘शुक्रवारच्या बैठकीत मला त्या तक्त्यातलं निम्मं कळत नाही.’

इथे एक गोष्ट गुंडाळू नकोस. मी हे करू शकले कारण ते माझं काम होतं आणि माझी नोकरी त्यांच्या हातात नव्हती. तुझ्या खुर्चीसमोर प्रमुखाऐवजी ती मुलगी बसली, तर साहेबांची भीती पचवायची जबाबदारी तिच्या गळ्यात घालू नकोस. तिला लेखी सूचना मागायला, काय ठरलं ते मेलवर टाकायला आणि गरज पडली तर टीम बदलायला मदत कर. आणि उघड छळ असेल तर त्याला छळच म्हण.

प्रमुखांचं पुढे काय झालं ते विचारशील. मुलीचं नाव सेशनमधून हळूहळू गेलं आणि ते स्वतः बिघडले. झोप येईना, बैठकीआधी हात थरथरायचे. घरच्यांना वाटलं उपचारांनी नुकसान केलं. भीती आता त्यांच्याकडे होती, आणि खरं काम त्यानंतरच्या वर्षात झालं.

तुझ्या सेशनची शेवटची दहा मिनिटं आठवतील तशी लिहून पाठव. त्याचे शब्द डावीकडे, तुझे उजवीकडे. अर्थ लावायचा नाही.

तुझी,
बाई