चौकशीचा रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

प्रश्न: नागपुरात घरांवर सोलर बसवतो. बजेट, निर्णयाचा अधिकार, गरज आणि वेळ पाहून, प्रत्येकी दोन असे प्रत्येक चौकशीला आठपैकी गुण देतो, तरी कमी गुणवाले दुसरीकडून बसवून घेतात. कुठे चुकतंय?

मीही इथे हेच काम करतो आणि हीच चूक केली आहे. फेब्रुवारीत मानेवाड्याहून एका ताईंचा फोन आला. "भाऊ, तीन किलोवॅटचा रेट विचारून राहिली फक्त." आमच्या पोराने लिहिलं: गरज एक, बाकी तिन्ही शून्य. आठपैकी एक. त्याच दिवशी धरमपेठेतल्या एका फ्लॅटवाल्यांना आठपैकी आठ मिळाले, कारण पैसे तयार होते आणि काम पुढच्या आठवड्यातच हवं होतं. तिकडे तीन चकरा झाल्यावर कळलं की गच्ची सोसायटीची आहे आणि बाकीचे राजी नाहीत.

एप्रिलमध्ये ताईंच्या गच्चीवर दुसऱ्याचे पॅनल दिसले. विचारलं तर बिल सासूबाईंच्या नावावर, त्या तयार, घर स्वतःचं, कर्जाचं बँकेत बोलणं झालेलं आणि उन्हाळ्याआधी काम हवं होतं. आमच्या हिशेबाने सात गुण. आम्ही त्यांना यातलं काही विचारलंच नव्हतं. ते अजून मनाला लागतं.

तेव्हापासून न विचारलेल्या रकान्यात शून्य नाही, रेघ. गुण फक्त विचारलेल्या रकान्यांवर मोजायचे, म्हणजे तीन भरले असतील तर सहापैकी. तीनपेक्षा कमी भरले असतील तर गुणच द्यायचे नाहीत, परत फोन करायचा.

प्रश्नही सगळ्यांना तेच. "तुम्हीच ठरवणार का?" असं विचारलं की बाई संकोचतात आणि पुरुष सरळ हो म्हणतात. त्याऐवजी बिल कुणाच्या नावावर आहे आणि गच्ची एकट्याची आहे का, हे विचारा. बजेटचा आकडा कुणी सांगत नाही, पण तीन किलोवॅटची ७८,००० रुपयांची सबसिडी काम झाल्यावर खात्यात येते. म्हणून तोवरची रक्कम स्वतः भरणार की कर्ज काढणार, एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं. गरज बिलावरच्या वर्षभराच्या युनिटवरून पाहा. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, त्यामुळे महिना ८० युनिट वापरणाऱ्याला तीन किलोवॅट लागत नाही. ते त्याला सांगूनही टाका.

आणि अधिकारात खरंच शून्य आला, तर बेरीज सहा असली तरी सोसायटीचं संमतीपत्र येईपर्यंत चक्कर मारायची नाही.

दर महिन्याला सगळ्यात कमी गुणांच्या दहा चौकशा काढतो. नाव, वस्ती आणि जुने गुण झाकून दुसऱ्या माणसाला फोन करायला लावतो. त्याचे गुण बरेच वर गेले, की पहिल्याने काय विचारलंच नव्हतं ते रेघांवरून लगेच दिसतं.