यूट्यूबचे डॉलर बँकेत पोहोचेपर्यंत कुठे कापले जातात?

प्रश्न: यूट्यूब स्टुडिओत दिसतात त्यापेक्षा कमी डॉलर पेमेंटमध्ये येतात, आणि बँकेत रुपये त्याहून कमी जमा होतात. अमेरिकेचा कर कापतात म्हणे, पण मी तर भारतात राहते! बँक नक्की किती घेते? आणि कापलेले परत मिळतात का?

उत्तर: ओळखीतल्या काही मराठी चॅनेलांचे हिशोब मी बघतो. त्यामुळे हे आकडे दर महिन्याला डोळ्यांखालून जातात. एक उदाहरण धरून सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे त्यात घालून बघता येतील.

समजा एका पाककृतींच्या चॅनेलची महिन्याची पक्की कमाई २६० डॉलर झाली. पक्की म्हणजे पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान अ‍ॅडसेन्समध्ये चढते ती. स्टुडिओतला आकडा अंदाजी असतो, त्यावरून हिशोब लावू नका. शिल्लक १०० डॉलरच्या वर असेल तर २१ ते २६ तारखेदरम्यान पेमेंट निघतं, नाहीतर ती पुढच्या महिन्यात ओढली जाते.

या २६० पैकी ८० डॉलर अमेरिकेत बसून व्हिडिओ बघणाऱ्यांमुळे आले आहेत, असं धरू. अमेरिकेचा कर लागतो तो फक्त या ८० वर. तुम्ही कुठे राहता यापेक्षा प्रेक्षक कुठे आहे हे इथे महत्त्वाचं, कारण तिथला कायदा या उत्पन्नाला अमेरिकेतून मिळालेली रॉयल्टी मानतो. त्याचा दर ३० टक्के आहे, पण भारत-अमेरिका कर करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो. म्हणजे ८० वर १२ डॉलर कापले जातात आणि २४८ निघतात.

हा १५ टक्क्यांचा दर मात्र आपोआप लागत नाही. त्यासाठी अ‍ॅडसेन्सच्या पेमेंट सेटिंगमध्ये करविषयक माहिती भरताना W-8BEN फॉर्म निवडायचा, परदेशी कर क्रमांकाच्या जागी आपला पॅन टाकायचा आणि कराराच्या भागात भारत निवडून रॉयल्टीच्या दोन्ही प्रकारांना, म्हणजे चित्रपट-टीव्ही आणि इतर कॉपीराइट यांना, १५ टक्क्यांचा दर लावून घ्यायचा. बरेच जण पहिली पानं भरतात आणि कराराच्या पानावर ‘नाही’ म्हणून पुढे जातात. त्यांचे ८० वर २४ डॉलर जातात. फॉर्म अजिबातच भरला नसेल तर वैयक्तिक खात्यावर जगभरातल्या सगळ्या कमाईच्या २४ टक्क्यांपर्यंत कापता येतं. आपल्या उदाहरणात ते ६२ डॉलर ४० सेंट होतात, म्हणजे १२ च्या पाचपटीहून जास्त, आणि तेही बहुतेक प्रेक्षक भारतातले असताना.

तुमचं कोणत्या दराने कापलं जातंय ते ओळखणं सोपं आहे. यूट्यूब अ‍ॅनालिटिक्समध्ये देशनिहाय उत्पन्न काढून अमेरिकेचा आकडा घ्या आणि अ‍ॅडसेन्सच्या व्यवहारांच्या यादीत कराची वेगळी ओळ असते तिच्याशी ताडून बघा. साधारण १५ टक्के निघाले तर ठीक. ३० टक्के निघाले तर करार लागलेला नाही. भागाकार याहून भलताच आला तर फॉर्मची मुदत तपासा. सही केलेलं वर्ष आणि त्यापुढची तीन कॅलेंडर वर्षं तो चालतो. २०२४ मध्ये भरलेला फॉर्म ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो.

आता बँक. बँक दोन मार्गांनी घेते आणि मोठा मार्ग स्टेटमेंटवर दिसत नाही. समजा त्या दिवशी बाजारात डॉलर ८५ रुपयांना आहे आणि बँकेने तुम्हाला ८३.९० चा दर लावला. २४८ डॉलरचे २०,८०७ रुपये होतात. बाजारभावाने २१,०८० झाले असते. हे २७३ रुपये कुठेही ‘चार्ज’ म्हणून लिहिलेले नसतात, ते दरातच मुरलेले असतात. मग उघड शुल्क येतं: परदेशी रक्कम जमा करण्याचे, समजा, २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३६. शिवाय चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो. एक लाखापर्यंतच्या रकमेत सेवेची किंमत एक टक्का, पण किमान २५० रुपये धरतात आणि तिच्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे २५ हजारांपर्यंत काहीही आलं तरी ४५ रुपये ठरलेले. खात्यात जमा होतात २०,५२६.

बँकेकडून परदेशी रकमेची सूचना, म्हणजे एफआयआरए, मागून घ्या. तिच्यावर आलेले डॉलर आणि लावलेला दर दोन्ही असतात. डॉलर २४८ पेक्षा कमी दिसले तर मधल्या बँकेने वाटेत शुल्क काढून घेतलंय आणि तुमच्या शाखेशी भांडून उपयोग नाही. डॉलर पूर्ण आहेत पण दर पडका आहे, तर मात्र शाखेत बोला. नियमित पैसे येणाऱ्या खात्याला बऱ्याच बँका दर सुधारून देतात, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. उद्देश कोड विचारतील तेव्हा जाहिरातीच्या उत्पन्नासाठी P1007 सांगा.

ठरलेली शुल्कं रक्कम लहान असताना फार बोचतात. वरचे २८१ रुपये १०० डॉलरच्या पेमेंटवर तीन टक्क्यांच्या वर जातात. कमाई थोडी असेल तर अ‍ॅडसेन्समध्ये पेमेंटची मर्यादा १०० वरून ३०० किंवा ४०० डॉलर करून ठेवा. दरातला फरक मात्र त्याने वाचत नाही, तो रकमेच्या प्रमाणातच राहतो.

राहिले ते १२ डॉलर. ते हातात परत मिळत नाहीत, भारतातल्या करातून वजा होतात. त्यासाठी आधी पूर्ण २६० डॉलर उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात, २४८ नाही. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी फॉर्म ६७ आयकर पोर्टलवर भरायचा, ३१ मार्च २०२७ च्या आत. परदेशी कराची सवलत मागायची तर आयटीआर-४ चालत नाही. व्यवसायाचं उत्पन्न म्हणून आयटीआर-३ घ्यावा लागतो.

इथे एक घोळ हमखास होतो. गूगलकडून येणारं कराचं प्रमाणपत्र, 1042-S, जानेवारी ते डिसेंबरचं असतं आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्चचं. तो आकडा जसाच्या तसा फॉर्म ६७ मध्ये टाकला तर तीन महिने इकडचे तिकडे होतात. म्हणून व्यवहारांच्या यादीतून दर महिन्याची कापलेली रक्कम वेगळी लिहून ठेवा आणि कापलेल्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर तिला लावा. जुलैत कापलं असेल तर ३० जूनचा.

सवलत मिळते ती मात्र त्या उत्पन्नावर भारतात जितका कर बसतो तितकीच. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल आणि कलम ८७अ मुळे कर शून्य होत असेल, तर अमेरिकेत गेलेले पैसे गेले. तिथे हातात राहतो तो फक्त ३० चे १५ करून घेण्याचा मार्ग.