कोणी निवृत्तच होणार नाही, मग ग्रॅच्युइटी किमतीतून का वजा करायची?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमची सीएनसी मशीनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. मी आणि माझा भागीदार, दोघांचे निम्मे निम्मे शेअर. आता तो बाहेर पडतोय. मार्चच्या ताळेबंदात नेटवर्थ २ कोटी ४० लाख आहे, म्हणून तो निम्म्याचे १ कोटी २० लाख मागतो. २३ कामगार आहेत, काही सुरुवातीपासूनचे. ग्रॅच्युइटीपोटी ताळेबंदात एक रुपयाही धरलेला नाही. तो म्हणतो, पुढची नऊ वर्षे कोणीच निवृत्त होत नाही, आज देणं कसलं? ती रक्कम मी किमतीतून वजा करू शकतो का?

उत्तर : करू शकता, आणि करायलाच हवी. मात्र पूर्ण नाही. का ते पुढे येईलच.

आधी भागीदाराचा मुद्दा घेऊ. निवृत्तीचा दिवस हा पैसे देण्याचा दिवस असतो, देणं तयार होण्याचा नव्हे. कामगाराच्या प्रत्येक वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांचा पगार कंपनीकडे राहतो आणि तो निघताना द्यायचा असतो. त्या वर्षी त्याने काढलेल्या मालाचा नफा दोघांनी त्याच वर्षी घेतला, मग त्याच वर्षाचा खर्च नऊ वर्षांनी एकट्या तुमच्या माथी का? सर्वोच्च न्यायालयानेही मेटल बॉक्स कंपनीच्या खटल्यात, म्हणजे १९६८ मध्येच, म्हटले आहे की असे पुढे द्यायचे देणे नीट मोजता येत असेल, तर त्याचे आजचे मूल्य नफा काढताना विचारात घेता येते. तो खटला बोनसच्या हिशेबाचा होता, पण तर्क इथेही तोच. कंपन्यांसाठी तर आता वादच नाही. कंपनी कायद्यानुसार हिशेब उपार्जित पद्धतीने, म्हणजे पैसे दिले तेव्हा नव्हे तर देणे तयार झाले तेव्हा नोंदवून, ठेवावे लागतात आणि लेखा मानक १५ ग्रॅच्युइटीची तरतूद दरवर्षी करायला सांगते.

आता एक कामगार घेऊन हिशेब करू. समजा तुमचा सेटर १६ वर्षे कामावर आहे. एकूण पगार ३९,००० आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६००. बाकी घरभाडे आणि इतर भत्ते. महिन्याचे २६ दिवस धरायचे, म्हणजे दिवसाचे ६००. पंधरा दिवसांचे ९,०००. गुणिले १६, १ लाख ४४ हजार. तो उद्या राजीनामा देऊन गेला तर एवढे ३० दिवसांत द्यावे लागतील. उशीर झाला तर व्याजही.

थांबा, हा आकडा आता जुना झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि वेतनाची व्याख्या बदलली. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जास्तीचा भाग वेतनातच धरायचा. तुमच्या सेटरचे वेतन त्यामुळे १९,५०० होते, दिवसाचे ७५०, पंधरा दिवसांचे ११,२५० आणि १६ वर्षांचे १ लाख ८० हजार. पगार एक पैसाही न वाढता देणे ३६ हजारांनी वाढले. मूळ पगार कमी ठेवायची जुनी युक्ती इथे उलटते.

देणे मुळात इतके फुगते कशामुळे, हेही यातच दिसते. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मिळते. त्यामुळे आज दिलेली वाढ मागच्या सगळ्या वर्षांना लागू होते. या सेटरचे वेतन २,००० ने वाढवले, तर मागच्या सोळा वर्षांपोटीचे देणे एका झटक्यात साधारण १८,५०० ने वाढते. जुना माणूस जितका जुना, तितकी त्याची वाढ महाग.

‘नऊ वर्षांनी द्यायचे पैसे आजच्या भावाने फारच कमी असतील’ असे भागीदार म्हणेल. नाही. वेतन दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले तर नऊ वर्षांनी ते ३९ हजारांच्या आसपास जाते. त्या वेतनावर आजवरच्या १६ वर्षांची रक्कम सुमारे ३ लाख ६० हजार होते. ती ७ टक्के व्याजाने आजच्या मूल्यावर आणली तर सुमारे १ लाख ९६ हजार, म्हणजे आजच्या हिशेबापेक्षाही जास्त. पगारवाढ आणि व्याज एकमेकांना खाऊन टाकतात. काही जण आधी सोडून जातील, त्याने आकडा थोडा खाली येईल. ते ॲक्च्युअरी, म्हणजे अशा पुढच्या देण्यांचे आजचे मूल्य काढणारा तज्ज्ञ, पाहतो. पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या लहान कंपनीला ताळेबंदासाठी सोपी पद्धत चालते : सगळे आज निघाले तर किती, असा हिशेब. पण शेअरच्या सौद्यासाठी मात्र ॲक्च्युअरीचा अहवाल घ्या. भागीदाराला तुमच्या आकड्यापेक्षा तिऱ्हाइताचा आकडा पटेल.

इथे एक चूक हमखास होते. पाच वर्षे पूर्ण न झालेल्यांना शून्य धरतात. पाच वर्षांची अट हक्कासाठी आहे, देणे मोजण्यासाठी नव्हे. त्यातले जे टिकतील असा अंदाज आहे, त्यांची वर्षे आजपासूनच मोजायची. शिवाय मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ती अट मुळातच लागत नाही.

आता किंमत. समजा २३ जणांचे मिळून २६ लाख निघाले. सगळे २६ लाख भागीदाराकडून कापून घेणे अन्यायाचे होईल, कारण कंपनीचे निम्मे मालक तुम्हीही आहात. त्याच्या वाट्याचे निम्मे झाले १३ लाख. त्यातूनही त्याला एक मुद्दा मांडता येईल आणि तो रास्त आहे : ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष देताना कंपनीला आयकरात वजावट मिळेल. कर सुमारे २५ टक्के धरला तर कंपनीवरचा खरा बोजा १९ लाख ५० हजार, त्याचा निम्मा ९ लाख ७५ हजार. म्हणून १ कोटी २० लाखांऐवजी १ कोटी १० लाख २५ हजार, हा मला न्याय्य वाटणारा आकडा. कंपनी तोट्यात असेल, तर ही कराची सवलत इतक्या सहज मिळणार नाही, हे लक्षात असू द्या.

तरतूद आजच ताळेबंदात केली, तर ती केवळ तरतूद म्हणून करात वजा होत नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४०अ(७) मध्ये ते स्पष्ट होते : मान्यताप्राप्त ग्रॅच्युइटी फंडात भरलेले पैसे किंवा त्या वर्षी देय झालेली रक्कम, एवढेच चालते. मागच्या वर्षांची रक्कम या वर्षी एकदम आली की नफा घटलेला दिसेल. ती ‘पूर्वकालीन बाब’ म्हणून वेगळी दाखवा, नाहीतर बँकेचा अधिकारी धंदा बुडाला समजेल.

सही करण्यापूर्वी ताळेबंदाच्या टिपा वाचा. ‘ग्रॅच्युइटी दिल्यावर खर्च म्हणून नोंदवली जाते’ असे वाक्य सापडले, तर देणे वगळल्याची कबुली तिथेच आहे. ऑडिटरने त्यावर हरकत घेतली आहे का, तेही पाहा. एलआयसीचा ग्रुप ग्रॅच्युइटी पॉलिसीचा कागद निघाला तर तिचे हप्ते चालू आहेत का आणि फंडात आज किती शिल्लक आहे, हे लेखी मागा. ती शिल्लक २६ लाखांतून वजा होईल. कामगार कमी करून संख्या दहाच्या खाली आणली की सुटलो, असे कोणी सांगेल. कायदा एकदा लागू झाला की संख्या घटली तरी सुटत नाही.

शेअर हस्तांतरणाच्या करारात शेवटी एक कलम मागा : हस्तांतरणाच्या तारखेपर्यंतच्या सेवेपोटी ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त देणे निघाले, तर करवजावट जाऊन उरलेल्या रकमेचा निम्मा वाटा तो देईल, आणि त्यासाठी किमतीतले पाच-सहा लाख दोन वर्षे रोखून ठेवायचे. कारण कामगाराचा दावा कंपनीवर असतो. शेअर विकून गेलेल्या माणसाकडे तो जाणार नाही, तुमच्याच दारी येईल.