दात काढले त्याच दिवशी कवळी, मग ती ढिली का होते?

प्रश्न: आज वरचे आठ दात काढून लगेच कवळी बसवली. उद्यापर्यंत काढू नका म्हणालेत, पण दुखतंय आणि थुंकीत रक्त येतंय. काढून धुतली तर चालेल का?

नका काढू. आत्ता ती कवळी जखमेवरच्या पट्टीचं काम करतेय. काढलीत की हिरडी सुजते आणि मग तीच कवळी परत आत जात नाही, गेली तरी जोर लावून आणि भयंकर दुखून. सूज उतरेपर्यंत तसंच बसावं लागेल. थुंकीत लालसर रंग पहिल्या दिवशी असतोच, थोडं रक्त लाळेत मिसळलं की खूप वाटतं. पण तोंड रक्ताने सारखं भरत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

साधारण चोवीस तासांनी डॉक्टर स्वतः काढतील, हिरडी कुठे लाल झालीय, कुठे सोललीय ते बघतील आणि कवळी नेमकी तिथेच आतून थोडी घासतील. घरी कानस घेऊन बसू नका प्लीज, असे पेशंट मी पाहिलेत.

प्रश्न: पहिले पंधरा दिवस मस्त घट्ट होती, आता दोन महिन्यांत बोलताना खाली येते. माप चुकलं का डॉक्टरांचं?

बहुतेक नाही. कवळी तीच आहे, तिच्याखालची हिरडी बदलली. ही कवळी बनते तेव्हा तुमचे दात तोंडातच असतात. माप त्यांच्यासकट घेतात, मग लॅबमध्ये प्लास्टरच्या साच्यावरचे दात कापून टाकतात आणि दात निघाल्यावर हिरडी कशी दिसेल ते अंदाजाने तासतात. म्हणजे पहिल्या दिवसाचं फिटिंग हाच मुळात एक चांगला अंदाज असतो.

पुढचं शरीर ठरवतं. वरच्या पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे ओठाकडे, हाडाचा पापुद्रा फार पातळ असतो आणि तो दाताच्या मुळाच्या जिवावर टिकलेला असतो. मूळ गेलं की तो विरघळत जातो, खड्डा आतून भरतो पण बाहेरून हिरडी बसते. सगळ्यात जास्त झीज पहिल्या तीन महिन्यांत, मग वेग कमी होतो, वर्षभर जाणवत राहते आणि पूर्ण थांबत कधीच नाही. टाळू मात्र फारसा बदलत नाही. म्हणून वरची कवळी टाळूला टेकते पण पुढे आत पोकळी होते, हवा शिरते आणि पकड सुटते. खालच्या कवळीला टाळूच नसतो, ती आधी त्रास देते.

प्रश्न: मग आत्ताच पक्कं रिलाइन करून टाकलं तर? सारखं सारखं कोण जाणार.

रिलाइन म्हणजे कवळीच्या आतल्या बाजूला नवीन थर भरून ती हिरडीला परत नीट बसवणं. दोन महिन्यांनी पक्कं केलंत तर हिरडी अजून बसणार आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात परत तेच. एक केस सांगते. एका बाईंच्या दाढा आधीच काढून भरून आल्या होत्या, मग वरचे पुढचे आठ दात काढून त्याच दिवशी कवळी दिली. तिसऱ्या आठवड्यात हलायला लागली तेव्हा आत सॉफ्ट लायनर टाकला, मऊ रबरासारखा थर. तो काही आठवड्यांत कडक आणि खडबडीत होतो, वास धरतो, म्हणून बदलावा लागतो. त्यांचा आम्ही दोनदा बदलला. सहाव्या महिन्यात हिरडी बरीच स्थिर वाटली तेव्हा पक्कं रिलाइन केलं.

त्यात जुना लायनर काढून कवळीचा आतला भाग थोडा घासतात, तिच्यातच मापाचं मटेरियल घालून तोंडात बसवतात, आणि लॅब त्या मापाच्या जागी कवळीचंच कडक प्लास्टिक भरते. तेवढा वेळ कवळी तुमच्याकडे नसते, हे आधी विचारून घ्या, घरात लग्न असेल तर तारीख बदला सरळ! खरी गडबड माप घेताना होते. मटेरियल जास्त झालं किंवा कवळी पूर्ण वर बसली नाही तर ती खाली-पुढे सरकते, आणि मग दात लांब दिसतात, मागच्या दाढा आधी आपटतात, बोलताना दात टकटक वाजतात. रिलाइननंतर असं वाटलं तर "सवय होईल" म्हणून घरी जाऊ नका, तिथेच सांगा.

प्रश्न: चिकटवायची पेस्ट लावून भागवलं तर?

ताज्या जखमेवर नको. भरून आल्यावर थोडीशी चालते. पण दरवेळी जास्त-जास्त लागायला लागली तर पोकळी वाढलीय, आणि हलणारी कवळी एकाच जागी आपटून हाड अजून झिजवते, कडेला हिरडीची सैल घडीही वाढू शकते.

प्रश्न: रिलाइन केलं, आता घट्ट आहे, पण दात हसताना दिसतच नाहीत.

हे रिलाइनने सुटणार नाही. त्याने फक्त आतली बाजू बदलते, दातांची जागा आणि चावा तोच राहतो. पहिली कवळी बनवताना पुढचे दात तोंडात लावून बघताच येत नाहीत, कारण तिथे तुमचे दात असतात. आता हिरडी मोकळी आहे, नवीन कवळी करायची असेल तर मेणावर दात लावून आरशात बघून मगच पक्कं करता येईल. पहिली ठेवून द्या, स्पेअर म्हणून.