सायकल कोळप्याची नवी जोडणी: पेटंट घ्यावे की गुपित ठेवावे?

प्रश्न: शिरूर तालुक्यात शेती करतो. सायकल कोळप्याला स्प्रिंग आणि पट्टीची एक जोडणी बसवली आहे. जमीन कडक लागली की पात्याचा कोन आपोआप बदलतो आणि पाते एकाच खोलीवर चालते. पात्याला पाणी देण्याची रीतही माझी स्वतःची आहे. दोन-तीन शेजाऱ्यांना वापरायला दिले, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर व्हिडिओ टाकला. आता भोसरीत करून घ्यायचे आणि डिसेंबरात मोशीच्या प्रदर्शनात मांडायचे आहे. पेटंट घ्यावे की गुपित ठेवावे?

उत्तर:

मी पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करतो. तुमच्या कोळप्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींना एकच उत्तर लागू होत नाही. जोडणीसाठी पेटंटचा अर्ज करावा आणि तो मोशीच्या आधी करावा. पात्याला पाणी देण्याची रीत मात्र गुपित ठेवावी.

जोडणी गुपित राहू शकत नाही, कारण ती विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. बाजारातून एक कोळपे विकत घेऊन, दोन बोल्ट काढून, पट्टीची लांबी आणि खिळीचे अंतर मोजून कोणी तसेच दुसरे बनवले, तर त्यात बेकायदेशीर काही नाही. भारतात व्यापारी गुपितासाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात एक मसुदा सुचवला आहे, पण आज जे संरक्षण मिळते ते करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून. ज्याने उघड बाजारातून माल घेतला, त्याने तुम्हाला कसलाच शब्द दिलेला नसतो. त्यामुळे जोडणीचे गुपित पहिल्या विक्रीपर्यंतच टिकेल.

पेटंटची अट याच्या नेमकी उलट आहे: अर्जाच्या तारखेपर्यंत ती गोष्ट जगात कोठेही उघड झालेली नसावी, आणि यात तुम्ही स्वतः उघड केलेलेही मोजले जाते. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटनानंतर एक वर्षाची सवलत मिळते, हे ऐकून अनेक जण इथे निर्धास्त राहतात. आपल्याकडे तशी सर्वसाधारण सवलत नाही. पेटंट कायदा, १९७० मध्ये कलम २९ ते ३४ एवढेच अपवाद आहेत आणि ते अरुंद आहेत.

त्यामुळे आधी व्हिडिओकडे वळतो, कारण तुमच्या प्रकरणातला खरा धोका तोच आहे. गटातल्या कोणावरही गुप्ततेचे बंधन नव्हते, तेव्हा तो प्रसिद्ध झाला असेच धरून चालावे. पण प्रसिद्ध होते ते व्हिडिओत जेवढे दिसते आणि कळते तेवढेच. तो थांबवून थांबवून पाहा. कोळपे ओळीतून चालताना आणि मागे तण उपटलेले दिसत असेल, पण पट्टी कोठे जोडली आहे आणि स्प्रिंग दाबली गेल्यावर पाते कोणत्या बाजूला फिरते हे जाणकार कारागिरालाही त्यातून उमगत नसेल, तर जोडणी उघड झाली असे म्हणणे कठीण आहे. उलट एखाद्या दृश्यात जोडणी जवळून दिसत असेल आणि तुम्ही बोलून तिचे काम समजावले असेल, तर तो भाग बहुधा हातचा गेला, आणि अर्ज व्हिडिओत न आलेल्या सुधारणांपुरता करावा लागेल. व्हिडिओ गटातून काढून टाका, म्हणजे तो पुढे पसरणार नाही. परंतु काढल्याने झालेले प्रकटन पुसले जात नाही. मूळ फाइल तारखेसह स्वतःकडे जपून ठेवा आणि जो कोणी अर्ज लिहील त्याला ती न लपवता दाखवा.

शेजाऱ्यांना दिलेल्या कोळप्यांची बाब थोडी सोपी आहे. कलम ३२ नुसार अर्जापूर्वीच्या एका वर्षात, तुमच्या संमतीने, केवळ वाजवी चाचणीसाठी उघड्यावर वापर झाला असेल आणि वस्तूचे स्वरूपच असे असेल की उघड्यावर वापरल्याशिवाय चाचणी होऊ शकत नाही, तर त्या वापराने नावीन्य जात नाही. कोळपे घरात बसून तपासता येत नाही, हे सांगणे सोपे आहे. अडचण येते ती चाचणी आणि विक्री यांतली रेषा पुसली गेली की. शेजाऱ्याकडून पैसे किंवा भाडे घेतले असेल, किंवा कोळपे त्याच्याकडे कायमचे सोडले असेल, तर ती चाचणी होती हे पटवणे अवघड जाते. कोणत्या शेतात, कोणत्या पिकात, कोणत्या तारखांना वापरले आणि काय दुरुस्ती सुचली, हे आजच लिहून शेजाऱ्यांची सही घ्या. ती कोळपी परतही आणा.

मोशीबाबत अनेकांचा समज असतो की प्रदर्शनात मांडले तर १२ महिन्यांची मुभा मिळते. ती कलम ३१ मध्ये आहे खरी, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केले आहे, त्यापुरतीच. आयोजकांनी अधिसूचना दाखवली तरीही मी तिच्या भरवशावर राहण्याचा सल्ला देणार नाही, कारण आधी अर्ज करण्याचा खर्च तुलनेने किरकोळ आहे.

हा आधीचा अर्ज म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजेच तारीख राखून ठेवणारा प्राथमिक अर्ज. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात आणि ऑनलाइन भरता येतात. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे संपूर्ण वर्णन, दाखल करावे लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांच्या आत करायची असते आणि तिचे शुल्क ४,००० रुपये. मोठा खर्च असतो तो मसुदा लिहून घेण्याचा. लहान संशोधकाच्या सोयीची एक गोष्ट अशी की १२ महिन्यांत कम्प्लीट दाखल केले नाही, तर प्रोव्हिजनल प्रसिद्ध होत नाही. कम्प्लीट दाखल केलेला अर्ज मात्र, वेळेत मागे घेतला नाही तर, १८ महिन्यांनंतर सर्वांना वाचायला खुला होतो, मग पेटंट मिळो अथवा न मिळो.

प्रोव्हिजनलमध्ये बहुतेकांची गफलत होते ती त्रोटक लिहिण्याने. अर्जाची तारीख त्यात जेवढे वर्णन आहे तेवढ्यालाच मिळते. समजा, तुम्ही नोव्हेंबरात अर्ज केला आणि त्यात फक्त गुंडाळीची स्प्रिंग दाखवली. डिसेंबरात मोशीला मात्र पाटा स्प्रिंग बसवलेला नमुना मांडला, कारण तो जास्त टिकतो असे दरम्यान लक्षात आले. पुढच्या ऑक्टोबरात कम्प्लीटमध्ये तुम्ही पाटा स्प्रिंग घातली, तर त्या भागाला ऑक्टोबरचीच तारीख मिळेल, आणि त्याआधी तुम्हीच तो मोशीला हजारो लोकांना दाखवलेला असेल. म्हणून पहिल्याच अर्जात गुंडाळी, पाटा, रबराचा ठोकळा, पट्टी चाकाच्या आसाला जोडलेली आणि दांड्याला जोडलेली, असे सुचतील ते सर्व पर्याय आकृत्यांसह लिहावेत. अर्ज केल्यानंतर काही नवे सुचले, तर ते लोकांना दाखवण्याआधी दुसरा प्रोव्हिजनल करता येतो.

अर्जापूर्वी शोधही घ्या. iprsearch.ipindia.gov.in या संकेतस्थळावर A01B या वर्गात जमीन मशागतीची अवजारे सापडतात. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरला दगड लागला की मागे झुकणारे स्प्रिंगचे फण अनेक दशकांपासून आहेत, आणि परीक्षक पहिले बोट तिथेच ठेवणार. माहीत असलेली स्प्रिंग आणि माहीत असलेले पाते शेजारी बसवले आणि दोन्ही आपापले काम करत राहिले, तर कलम ३ त्याला शोध मानत नाही. तुमचे वेगळेपण असेल ते पट्टीमुळे कोन बदलून खोली कायम राहण्यात, म्हणून क्लेमचा, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगता त्या मजकुराचा, भर तिथे हवा. ‘कोळपणी करण्याची पद्धत’ असा क्लेम मात्र करू नका, कारण शेतीची पद्धत पेटंटला पात्रच नाही. अवजार पात्र आहे.

भोसरीच्या फॅब्रिकेटरला ड्रॉइंग द्यायला हरकत नाही, पण आधी गुप्ततेचा लेखी करार करावा. दिल्ली उच्च न्यायालयाचा १९८७ चा जॉन रिचर्ड ब्रॅडी खटला इथे उपयोगी आहे. त्यात हिरवा चारा पिकवण्याच्या यंत्राची ड्रॉइंग, काही भाग बनवून घेण्यासाठी, एका कंपनीला विश्वासाने दिली होती आणि तिने तसेच यंत्र स्वतः बनवायला घेतले. न्यायालयाने तिला मनाई केली. करारात ‘पुढे कोळपी बनवायची नाहीत’ असे लिहिले तर ते करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकण्याची शक्यता कमी; ‘ही ड्रॉइंग आणि हे नमुने माझ्या कामाव्यतिरिक्त वापरायचे नाहीत, कोणाला दाखवायचे नाहीत, काम संपल्यावर परत करायचे’ हे टिकते. ड्रॉइंगच्या प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ आणि तारीख लिहा. शक्य असल्यास लेझर कटिंग एकाकडे, स्प्रिंग दुसऱ्याकडे आणि जुळणी स्वतःच्या गोठ्यात करा.

आता पात्याबद्दल. पाते किती तापवले, कशात बुडवले आणि नंतर किती वेळ पुन्हा गरम केले, हे तयार पाते पाहून कळत नाही. प्रयोगशाळेत कठीणपणा मोजता येतो आणि पोलादाचा प्रकारही कळतो, पण तिथवर पोहोचण्याची वाट पुन्हा शोधावी लागते. इथे गुपित टिकण्यासारखे आहे. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. पेटंट अर्जात तुम्हाला ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीत उघड करणे बंधनकारक असते. म्हणून क्लेम केवळ जोडणीचा असावा आणि ती बाजारातल्या साध्या पात्यासहही पूर्ण काम करते हे तुम्ही खरोखर तपासलेले असावे. ती तुमच्या पात्याशिवाय चालतच नसेल, तर रीत लपवून घेतलेले पेटंट पुढे रद्द होऊ शकते. दुसरे म्हणजे ही निवड नंतर सहज फिरवता येत नाही. गुप्त रीतीने बनवलेली पाती वर्षानुवर्षे विकून मग त्याच रीतीवर पेटंट घेतले, तर आधीचा गुप्त व्यापारी वापर हेही कलम ६४ मध्ये पेटंट रद्द करण्याचे एक कारण आहे.

तालुक्यापुरती थोडीशी कोळपी विकायची असतील, तर माझ्या मते प्रोव्हिजनल करून वर्षभर विक्रीचा अंदाज घ्यावा आणि मगच कम्प्लीटचा खर्च करावा. पेटंट मिळाल्याशिवाय नकलेविरुद्ध दावा लावता येत नाही. तो जिल्हा न्यायालयात लागतो, आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला की उच्च न्यायालयात जातो. हा खर्च एकट्या शेतकऱ्याला सहसा झेपत नाही. पेटंटचा खरा उपयोग होतो तो एखाद्या अवजार कंपनीला परवाना देताना.

मोशीच्या स्टॉलवर ‘पेटंट अर्ज दाखल’ एवढेच लिहा. मंजुरीपूर्वी ‘पेटंटेड’ असे लिहिल्यास कलम १२० खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.