गोळ्यांनी रक्त वाढले नाही, आता सलाइनमधून लोह का?

“ताई, सातव्या महिन्यापर्यंत लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी रक्त ८.२ च आहे. डॉक्टर सलाइनमधून लोह द्यायचे म्हणतात. बाळाला त्रास होणार नाही ना? गोळ्याच वाढवल्या तर चालणार नाही का?”

या ताईंना बत्तिसावा आठवडा लागला होता आणि गरोदरपणाच्या सुरुवातीचे त्यांचे वजन ५० किलो होते. मी गोळ्यांची पाकिटे पाहायला मागितली. कॅल्शियमचे पाकीट रिकामे होते, पण लोहाच्या लाल गोळ्या निम्म्याहून अधिक शिल्लक होत्या. मळमळ होते म्हणून त्या दिवसाआड घेतल्या जात होत्या, आणि त्याही रात्री कॅल्शियमच्या गोळीबरोबर दूध पिऊन. कॅल्शियम, दूध आणि चहा यांमुळे लोह कमी शोषले जाते, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे.

रक्त कमी आहे म्हणजे लोहच कमी आहे, असे मात्र धरून चालत नाही. त्यांच्या लाल पेशी आकाराने लहान होत्या, आणि तशा त्या थॅलेसेमियाच्या वाहक स्त्रीतही दिसतात. म्हणून फेरिटिन तपासले, ते ९ आले. गरोदरपणात ते ३० च्या खाली असले की शरीरातला लोहाचा साठा आटला, असे समजतात. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन फसवे वाढते, हे लक्षात ठेवावे लागते. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणीही केली, त्यात वाहकपणाची खूण आढळली नाही.

हेच निदान विसाव्या आठवड्यात झाले असते, तर मी गोळ्यांची वेळ सुधारून महिनाभर वाट पाहा असेच सांगितले असते, कारण नीट घेतलेल्या गोळ्यांनी हिमोग्लोबिनमध्ये महिन्यात साधारण एक ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पण आता फार तर आठ आठवडे हाती होते आणि मळमळ थांबलेली नव्हती. शिरेतून दिलेल्या लोहाला पोटातून शोषले जाण्याची गरज नसते. ते पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, त्यानंतर देतात.

डॉक्टरांनी हिशोब असा केला: ५० किलो वजन, ११ पर्यंत पोहोचायला हवे असलेले २.८ ग्रॅम आणि सूत्रातला ठरलेला २.४ हा आकडा यांचा गुणाकार ३३६, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवून सुमारे ८३६ मिलिग्रॅम. त्यानुसार फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज या शिरेतून द्यायच्या लोहाचे ५०० मिलिग्रॅमचे दोन डोस आठवड्याच्या अंतराने ठरले. क्वचित ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते रुग्णालयातच देतात आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबवून घेतात. त्या काळात लोहाच्या गोळ्या बंद ठेवल्या, फॉलिक ॲसिड चालू राहिले.

छत्तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४ झाले. शिरेतून दिले तरी लोहापासून रक्त तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतातच. त्यामुळे कळा सुरू होण्याच्या बेतात असलेल्या आणि हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या स्त्रीला केवळ लोहावर ठेवत नाहीत, तिला दाखल करून रक्ताची सोय आधी पाहतात.